‘सीएल टाकून द्या’ म्हटलं, म्हणून टाकू नका

वाचकाचं पत्र

मी महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. जुलैत १४ तारखेला दुपारी लाइट गेली आणि गेटवरचं बायोमेट्रिक मशीन बंद पडलं, ते १६ ला सुरू झालं. १६ ला सकाळी तर बोट लावल्यावर मशीन ‘थँक यू’सुद्धा म्हणालं. तरी पगारात १४ ला हाफ डे, १५ आणि १६ ला अ‍ॅबसेंट धरून अडीच दिवसांचे १,५०० रुपये कापले. वर फुल अटेंडन्सचे १,००० गेले ते वेगळेच. पॅकिंगच्या मुलींचे कापले नाहीत, म्हणजे माझ्यावर कुणाचा तरी राग आहे असंच वाटतं. एचआरचे सर म्हणतात, ‘सीएल टाकून द्या, विषय संपवू.’ टाकू का? की अर्ज करून वाईटपणा घेऊ?
— एक वाचक, घणसोली

उत्तर

ताई, सीएल टाकू नका. निदान एवढ्यात तरी नाही.

सीएलचा अर्ज म्हणजे ‘या दिवशी मी कामावर नव्हते’ असं तुमच्याच सहीने दिलेलं लेखी. आज ती सोय वाटते. पण तुम्ही डिस्पॅचला आहात. १५ तारखेला तुमच्या लॉगिनवरून ई-वे बिलं निघाली असतील, चलनांवर तुमची सही असेल, गाडी सोडल्याची वेळ तुमच्या अक्षरात असेल. उद्या ऑडिटमध्ये कुणी विचारलं की रजेवर असलेल्या बाईच्या लॉगिनवरून बिलं कोणी काढली, तर उत्तर कोण देणार? पासवर्ड दुसऱ्याला दिलात का, असा उलटा प्रश्न तुम्हालाच येईल. हा मुद्दा एचआरच्या सरांनाही शांतपणे सांगा. त्यांना तो तुमच्यापेक्षा लवकर कळेल, कारण तो कंपनीच्याही अडचणीचा आहे.

दुसरं म्हणजे सीएल टाकून तुमचे सगळे पैसे परत येणारही नाहीत. फुल अटेंडन्सचा भत्ता बहुतेक कंपन्यांत ‘एकही रजा नाही’ या अटीवर मिळतो. सीएल ही रजाच. म्हणजे १,५०० परत आले तरी १,००० गेलेलेच राहतात आणि अडीच दिवसांची रजाही खर्ची पडते. हा सौदा कुणाच्या सोयीचा आहे ते तुम्हीच बघा.

मात्र सर मुद्दाम तुम्हाला फसवतायत असंही धरून चालू नका. रजा लावणं त्यांच्या हातातलं काम असतं, दोन क्लिकमध्ये होतं. चुकलेला पंच दुरुस्त करायला मात्र कारण लिहावं लागतं, वरची मंजुरी लागते आणि ती दुरुस्ती सिस्टममध्ये कायम दिसत राहते. माणूस सोपं बटण दाबायला बघतो. तुमचा अर्ज असा हवा की अवघड बटण दाबणं त्यांना सोपं जाईल. म्हणून यात वाईटपणा कसला, ते मला कळत नाही. नोंद चुकली आहे आणि ती बरोबर करून मागायची आहे, इतकंच.

पॅकिंगच्या मुलींबद्दल. पगार करणारा माणूस गेटवर उभा नसतो. बऱ्याचदा तो त्या इमारतीतही नसतो. मशीनमधले पंच सॉफ्टवेअरमध्ये येतात, सॉफ्टवेअर नियमाप्रमाणे हजर-गैरहजर ठरवतं, त्यातून मस्टर निघतं आणि मस्टरमधला ‘पगारी दिवस’ हा एकच आकडा पगाराला जातो. मशीन बंद असताना पॅकिंगच्या सुपरवायझरने आपल्या मुलींची यादी हाताने लिहून एचआरला दिली असणार आणि त्यांची मॅन्युअल एंट्री झाली असणार. डिस्पॅचची यादी कोणी दिली का? आधी आपल्या इन्चार्जला एवढंच विचारा. दहातल्या नऊ वेळा राग-लोभाचा पत्ता नसतो, यादीत नाव नसतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही तीन दिवसांचं एकच गाऱ्हाणं समजताय: मशीन बंद होतं. पण तुमच्याच पत्रावरून दिसतं की तिन्ही दिवशी वेगवेगळं घडलंय, आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी आहे.

१४ तारखेला सकाळचा पंच झाला, संध्याकाळी मशीन बंद. म्हणजे दिवसभरात एकच पंच. बहुतेक सॉफ्टवेअर दिवसातला पहिला पंच ‘आत’ आणि शेवटचा ‘बाहेर’ धरतात. एकच असला तर कामाचे तास काढताच येत नाहीत. त्याला मिस पंच म्हणतात, आणि अशा वेळी काय लावायचं हे कंपनीने सेटिंगमध्ये आधीच ठरवलेलं असतं. तुमच्याकडे हाफ डे लावतात असं दिसतं. इथे तुम्ही आल्याचा पुरावा खुद्द मशीनमध्येच आहे. फक्त संध्याकाळपर्यंत होतात हे दाखवायचं आहे.

१५ तारखेला मशीनच मेलेलं. मशीनकडे विचारण्यासारखं काहीच नाही, सगळा पुरावा बाहेरचा.

१६ तारीख मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोट न जुळल्याच्या प्रयत्नांची हजेरीत नोंद होत नाही. पण ‘थँक यू’ म्हटलं म्हणजे बोट ओळखलं आणि नोंद झाली. मग ती गेली कुठे? माझा दाट संशय घड्याळावर आहे. या मशीनच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. लाइट गेली तरी तारीख-वेळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो सेल जुना होऊन संपला असेल आणि बॅकअपही उतरला असेल, तर लाइट आल्यावर मशीन उठतं, बोटं ओळखतं, थँक यू म्हणतं, पण त्याच्या लेखी तारीख असते २००० सालची १ जानेवारी किंवा असलीच कुठलीतरी जुनी. नंतर कुणीतरी येऊन घड्याळ लावतो आणि तिथून पुढचे पंच बरोबर पडतात. सकाळचे मात्र जुन्या तारखेवरच राहतात. एचआरने जुलैचा रिपोर्ट काढला की ते त्यात येतच नाहीत. तुमचा संध्याकाळचा पंच तेवढा सापडला असेल. सॉफ्टवेअरने तोच ‘आत’ धरला, संध्याकाळी पावणेसहाला कामावर आलेली बाई म्हणून अ‍ॅबसेंट लावलं. १४ ला एका पंचाला अर्धा दिवस मिळाला आणि १६ ला त्याच एका पंचाला शून्य, याचा अर्थ असा लागू शकतो.

हे तपासायची रीत सोपी आहे. तारीख न घालता, तुमच्या एम्प्लॉयी कोडवरचा मशीनमधला सगळा कच्चा पंच लॉग काढायला सांगा. मस्टर नको, प्रोसेस केलेला रिपोर्ट नको, कच्चा लॉग. त्यात एखादी विचित्र जुनी तारीख दिसली तर काम झालं. वेळही बाहेर काढता येते, कारण घड्याळ चुकीचं असलं तरी पुढे सरकत बरोबर असतं. समजा सकाळी सव्वाआठला लाइट आली, तेव्हा मशीनच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजले होते आणि तुमचा पंच १२ वाजून ३४ मिनिटांवर दिसतोय. म्हणजे तुम्ही ८ वाजून ४९ मिनिटांनी बोट लावलंत. एकट्या नोंदीवर कुणी शंका घेईल. पण त्या सकाळी रांगेत तुमच्या मागेपुढे असलेल्यांचे पंचही त्याच जुन्या तारखेवर, दोन-चार मिनिटांच्या अंतराने सापडतील. सगळी रांगच्या रांग खोटी कशी असेल?

घाई मात्र करा. लॉग सर्व्हरवर उतरवून झाला की मशीन रिकामं करायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, आणि जुन्या तारखेच्या नोंदी त्यात गेल्या तर गेल्या. सीसीटीव्हीचंही तसंच आहे. डिस्क भरली की सगळ्यात जुनं चित्रण पुसून त्यावर नवीन बसतं. किती दिवस टिकतं ते डिस्क केवढी आणि कॅमेरे किती यावर असतं, पण पंधरा दिवस ते महिना हा नेहमीचा अंदाज. ७ ऑगस्टला पगाराची स्लिप हातात आली असेल तर १५ जुलैला तेव्हाच तेवीस दिवस उलटून गेले होते. फुटेज तुमच्या हातात कोणी देणार नाही, मागूही नका. ‘एचआरने स्वतः बघावं आणि तपास होईपर्यंत जपून ठेवावं’ एवढीच विनंती करा.

पुरावा गोळा करताना एक भान ठेवा. जो पुरावा कंपनीच्याच दप्तरात आहे तो सगळ्यात वजनदार, कारण त्यावर कंपनीला वाद घालता येत नाही. १५ तारखेसाठी तुमच्याकडे असा पुरावा भरपूर असावा. ई-वे बिलावर ते कधी तयार झालं ती तारीख आणि वेळ छापलेली असते. दिवसातलं पहिलं आणि शेवटचं, अशी दोन बिलं पुरेत, गठ्ठा लावू नका. मशीन बंद असताना सिक्युरिटीने गेटवर वही ठेवली असेल तर तुमच्या नावाची ओळ कुठल्या पानावर आहे ते बघून ठेवा. वही सिक्युरिटी एजन्सीची असते आणि एजन्सी बदलली की वहीही जाते, म्हणून पान क्रमांक अर्जात लिहा. आणि इन्चार्जकडून दोन ओळींचा मेल घ्या. तोंडी ‘हो हो, होती ती’ याला पगारपत्रकात जागा नसते.

रिक्षाचं यूपीआय पेमेंट किंवा घणसोली स्टेशनला काढलेलं तिकीट जोडायची गरज नाही. त्यातून घर सोडलंत एवढंच कळतं, कंपनीत होतात हे नाही. मोबाइलवरचा लोकेशनचा इतिहास तर अजिबात देऊ नका. हजेरीच्या तीन ओळींसाठी आपण दिवसभर कुठे फिरतो ते कंपनीला दाखवायचं कारण नाही.

आता अर्ज. त्यात ‘माझ्यावर अन्याय झाला’, ‘मी इतकी वर्षं प्रामाणिकपणे काम करते’ हे काही नको, आणि पॅकिंगच्या मुलींची नावं तर मुळीच नकोत. त्यांचे वाचले म्हणून तुमचे मिळणार नाहीत. उलट त्यांचे निघतील. वेळा मी नमुन्यादाखल घातल्या आहेत, तुमच्या घाला.

> प्रति,
> व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
>
> विषय: १४ ते १६ जुलैच्या हजेरी नोंदीत दुरुस्ती आणि कापलेल्या वेतनाबाबत. एम्प्लॉयी कोड ____
>
> महोदय,
>
> १४ जुलै रोजी दुपारी वीज गेल्यावर मुख्य गेटवरील बायोमेट्रिक मशीन बंद पडले व १६ जुलै रोजी सुरू झाले. या तीन दिवशी मी कामावर हजर होते, पण मस्टरमध्ये नोंद चुकीची आहे.
>
> १४ जुलै: मस्टरमध्ये हाफ डे. आत ८.५२ चा पंच उपलब्ध. मशीन बंद असल्याने बाहेर जाताना पंच झाला नाही. प्रत्यक्ष बाहेर ५.४०. आधार: शेवटचे ई-वे बिल, वेळ ५.१५.
>
> १५ जुलै: मस्टरमध्ये अ‍ॅबसेंट. मशीन पूर्ण दिवस बंद. प्रत्यक्ष ८.५५ ते ५.४५. आधार: गेट रजिस्टर पान क्र. ___, पहिले व शेवटचे ई-वे बिल.
>
> १६ जुलै: मस्टरमध्ये अ‍ॅबसेंट. सकाळी सुमारे ८.५० वाजता मशीनने पंच स्वीकारला होता, तो रिपोर्टमध्ये नाही. बाहेर ५.४२ चा पंच उपलब्ध. मशीनची तारीख चुकली असल्याची शक्यता असल्याने कृपया माझ्या कोडवरील संपूर्ण कच्चा लॉग तारखेची अट न घालता तपासावा.
>
> या दिवसांत मी रजा घेतलेली नाही. तरी कृपया (१) तिन्ही दिवस पूर्ण हजर अशी दुरुस्ती करावी, (२) अडीच दिवसांचे कापलेले वेतन १,५०० रुपये व (३) पूर्ण उपस्थिती भत्ता १,००० रुपये ऑगस्टच्या वेतनात थकबाकी म्हणून द्यावा. तपास होईपर्यंत या तारखांचे मशीन लॉग व गेटचे फुटेज जतन करावे.
>
> सोबत: इन्चार्जचा मेल, ई-वे बिलांच्या प्रती, जुलैची वेतन पावती.

‘या दिवसांत मी रजा घेतलेली नाही’ हे वाक्य गाळू नका. नाहीतर कुणीतरी परस्पर सीएल लावून प्रकरण बंद करतं आणि तुम्हाला डिसेंबरमध्ये रजेचा हिशेब बघताना कळतं. भत्त्याची मागणीही वेगळी लिहायलाच हवी. नोंद ‘हजर’ झाली की दिवसाचा पगार थकबाकीत येतो, पण जुलैचा भत्ता सिस्टम आपणहून पुन्हा मोजेलच असं नाही. तो हाताने द्यावा लागतो आणि कोणी मागितला नाही तर राहतो.

अर्ज मेलने पाठवा, इन्चार्जला प्रत ठेवा. कागदावर देणार असाल तर दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. देण्याआधी पगाराची कट-ऑफ तारीख विचारून घ्या. काही कंपन्या २० ला हजेरी बंद करतात, काही २५ ला. ती चुकली की तुमचा अर्ज कितीही बरोबर असला तरी पैसे सप्टेंबरवर जातात. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर एका ओळीची आठवण करा, नवीन मेल सुरू करू नका.

डिस्पॅचमधल्या आणखी कुणाचे कापले असतील तर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज द्यावा असं मनात येईल. मशीन कधी ते कधी बंद होतं हे सांगणारं एक संयुक्त पत्र जरूर द्या, त्याला वजन येतं. पण दुरुस्ती प्रत्येकाच्या कोडवर वेगळी होते, म्हणून तारीख-वेळेचा अर्ज ज्याचा त्याने स्वतंत्र द्यावा. आणि महाप्यापासून तुर्भ्यापर्यंत हजारो लोक कंत्राटदाराच्या पगारावर आहेत, त्यांच्यासाठी: तुमचा अर्ज कंत्राटदाराच्या नावे जातो आणि प्रत मूळ कंपनीच्या एचआरला. मशीन कंपनीचं आहे, लॉगही तिच्याकडेच. कंत्राटदार ‘कंपनीने मस्टर असंच दिलं’ म्हणून हात वर करतो, ते त्या प्रतीमुळे टळतं.

एवढं करूनही नाही म्हणाले तर? ‘का नाही’ ते लेखी मागा. कायद्याची बाजू थोडक्यात अशी की कपात गैरहजेरीसाठी करता येते, मशीन बंद पडण्यासाठी नाही. आणि गैरहजेरीची कपातही जितका वेळ माणूस गैरहजर तितक्याच प्रमाणात. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हेच होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही हेच आहे. महापे ठाणे जिल्ह्यात येतं, तेव्हा तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जाते. पण २,५०० रुपयांसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. नीट मांडलेला कागद आणि ई-वे बिलांचा प्रश्न समोर असला की बहुतेक एचआर त्याआधीच मिटवतात. सुरुवातच मात्र कायद्याने करू नका. पहिल्याच मेलमध्ये कलमं आली की मेल लीगलकडे जातो आणि तिथे महिनोन्‌महिने पडून राहतो.

मला विचाराल तर एका परिस्थितीत सीएलचा विचार करता येईल. समजा १४ तारखेला तुम्ही खरंच लवकर निघाला होतात, किंवा त्या संध्याकाळचा एकही कागद हाती लागत नाही. मग तो अर्धा दिवस सीएलमध्ये सोडून द्या आणि १५-१६ साठी उभ्या राहा. तीन दिवसांपैकी एक जरी खोटा निघाला तर उरलेले दोन खरे असूनही बुडतात.

ऑगस्टची स्लिप आली की निव्वळ पगाराकडे बघून सोडू नका. थकबाकीच्या ओळीत अडीच दिवसांचे १,५०० दिसायला हवेत. अडीच दिवसांचे १,५०० म्हणजे रोजचे ६००, आणि जुलैच्या ३१ दिवसांनी भागलं असेल तर महिन्याचा पगार १८,६००, असा तुमचा हिशेब दिसतो. कापताना ३१ ने भागलं असेल तर देतानाही जुलैच्याच दराने द्यायला हवं. भत्त्याचे १,००० वेगळ्या ओळीत. यातून पीएफसारख्या नेहमीच्या कपाती होतील, म्हणून हातात थोडे कमी येतील, त्यावर भांडू नका. आणि रजेचा शिल्लक आकडा जूनच्या स्लिपशी ताडून बघा. तो परस्पर अडीचने कमी झाला असेल, तर त्याच मेलवर त्याच दिवशी लिहा.